अनोळखी तेवढे हाकलले

एक्सरेवालीला पहिल्यांदा कळलं ते फोनवरून. फोन तिनेच केला होता. दुसऱ्या शहरातल्या त्या मोठ्या हॉस्पिटलातून काहीच उत्तर येईना, म्हणून तिने धीर करून नंबर लावला. पलीकडे एचआरची बाई होती. आवाज गोड, पण पाहुण्यांपुरत्या काढलेल्या कपबशीसारखा.

"मॅडम, तुमचा इंटरव्ह्यू तर झाला की."

"झाला? कधी?"

"म्हणजे ठरलेला होता. व्हिडिओवर. लिंक पाठवली होती. तुम्ही आलाच नाहीत. आम्ही वाट बघत बसलो."

एक्सरेवाली डार्करूमच्या दारात उभी होती. आता तिथे काही धुवायचं नसायचं, सगळं कॉम्प्युटरवर दिसायचं, तरी त्या खोलीला सगळे डार्करूमच म्हणायचे. जुना झाडू आणि जादाचा शिशाचा एप्रन ठेवायची जागा. तिने आत जाऊन दार लोटलं.

"मला मेल आलाच नाही हो."

"आमच्याकडे पाठवल्याची नोंद आहे, मॅडम. स्पॅममध्ये बघा. बिनमध्ये बघा."

स्पॅममध्ये नव्हता. बिनमध्ये होता. आणि तो मेल जाड अक्षरात नव्हता. म्हणजे कोणीतरी तो उघडला होता, वाचला होता आणि मग पुसला होता. तिने स्वतः? छे. या मेलसाठी ती गेला महिना देव पाण्यात ठेवून बसली होती. दर तासाला फोन बघत होती. तिने तो पुसला असता तर तिचं बोट झडलं असतं.

इंटरव्ह्यूची तारीख उलटून गेली होती.

तिने एचआरच्या बाईला पुन्हा फोन लावला. रडली नाही, पण आवाज रडका होता. माझ्या मेलमध्ये कोणीतरी शिरलंय, मी शोधून काढते, मला एक संधी द्या. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बघते. पण हे शेवटचं हं."

खरं तर बाई तशी भलीच होती.

सेंटर छोटंसं होतं. खाली रिसेप्शन, मागे एक्सरे, वर सोनोग्राफी. मालकीण डॉक्टर, तिला सगळे मॅडम म्हणायचे. रिसेप्शनवर जो बसायचा त्याला सगळे टोकन म्हणायचे, कारण दिवसभर तो तेच करायचा. टोकन द्यायचा, टोकन पुकारायचा, टोकन हरवलेल्यांवर ओरडायचा. त्याचं खरं नाव पेशंटला सोडा, मॅडमलाही पगाराच्या दिवशीच आठवत असेल.

टोकन आणि एक्सरेवाली एकाच वयाचे. दिवसातून दहा वेळा एकमेकांची टर उडवायचे.

"काय एक्सरे, आज कोणाच्या आत बघितलंस?"

"तुझ्या बघितलं. काहीच नव्हतं."

"हृदय नव्हतं?"

"हवा होती नुसती."

तिने बाहेर अर्ज केलाय हे फक्त त्यालाच माहीत होतं. कारण अर्जासोबत द्यायचं अनुभवाचं पत्र तिने रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरून छापलं होतं, आणि प्रिंटरला कागद त्याने लावला होता. तेव्हा तो हसत म्हणाला होता, "जाऊच देणार नाही तुला. तू गेलीस तर मला नवीन एक्सरेवालीला तेच जुने विनोद सांगावे लागतील."

हे वाक्य तिला आठवलं. माणूस संशयाने बघायला लागला की जुनं बोलणंही उलटं ऐकू येतं.

दुपारी पेशंट कमी झाल्यावर ती स्टुलावर बसली आणि फोनवर आपलं खातं उघडलं. सुरक्षेच्या पानावर गेली. तिथे "तुमची डिव्हाइस" असं लिहिलेलं असतं. खातं कुठे कुठे उघडलेलं आहे त्याची पाटीच. वर्षानुवर्षं मेल वापरणाऱ्यांनी ते पान कधी उघडलेलं नसतं. तिनेही नव्हतं.

तीन होती.

एक तिचा फोन. त्याच्यापुढे "हे डिव्हाइस" असं लिहिलेलं.

दुसरा आईचा फोन. तो घेतला तेव्हा चालू करायला खातं मागत होता. आईचं वेगळं खातं कोण काढणार, म्हणून हिने आपलंच टाकून दिलं होतं. त्याला वर्षं झाली. आईच्या फोनपुढे "काही मिनिटांपूर्वी" असं होतं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. फोन नुसता कपाटावर पडला असला तरी मागच्या मागे मेल ओढत असतो. ते वेळेचं खरं धरायचं नसतं.

तिसरं, विंडोज कॉम्प्युटर. शहर हेच. आज सकाळी वापरलेलं.

तिच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता.

 तिला राग आला आणि थोडी मजाही आली, खोटं कशाला सांगा. चोर सापडला की माणसाला आधी मजाच येते.

ती उठून रिसेप्शनवर गेली. टोकन पुकारा करत होता, "सतरा नंबर! सतरा! काका, तुमचं सत्तावीस आहे, बसा." तिने त्याला हाताने बाजूला सारलं, त्याच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला आणि मेलचा पत्ता टाकला.

तिचाच इनबॉक्स. तिच्या डोळ्यांसमोर. वरच्या कोपऱ्यात तिचा फोटो, मागच्या वर्षीचा, केस मोकळे असलेला.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

टोकन वाकून बघायला लागला. "अरे, हे तुझंच की. तू प्रिंट काढायला उघडलं होतंस तेव्हाचं. तू खिडकी बंद केलीस, बाहेर कुठे पडलीस?"

हे बरोबर होतं. खिडकी बंद करणं आणि खात्यातून बाहेर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी. दुकान बंद करून शटर वर ठेवल्यासारखं. पण त्या वेळी तिला बरोबर काही ऐकायचंच नव्हतं.

"तू माझे मेल वाचलेस."

"मी? मला वेळ आहे? सतरा नंबर कुठाय तो बघू दे आधी."

"तू इंटरव्ह्यूचा मेल पुसलास."

आता त्याचं हसू गळून पडलं. "एक्सरे, शपथ. मी तुझ्या मेलला हातसुद्धा लावला नाही. एकदा चुकून उघडला होता, बघितलं तुझं आहे, लगेच बंद केलं."

"म्हणजे उघडलास."

"चुकून!"

"म्हणजे उघडलास ना?"

बाकावर बसलेले पेशंट टक लावून बघत होते. सत्तावीस नंबरच्या काकांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. वरून मॅडम उतरल्या. एक्सरेवालीने सगळं सांगितलं आणि सांगताना आवाज मुद्दाम चढा ठेवला. नोकरीचा भाग गाळला, "माझं खाजगी" एवढंच म्हणाली. "जाऊच देणार नाही" हे वाक्य मात्र सांगितलं. ते असं एकटं सांगितल्यावर किती घाण वाटतं हे तिलाही ऐकताना जाणवलं.

"थांबा, दाखवतेच," ती म्हणाली. सगळ्यांसमोर तिने आपल्या फोनवर ते विंडोजचं नाव उघडलं आणि "साइन आउट करा" दाबलं. तुम्ही खात्री केली का, असं विचारलं. तिने पुन्हा दाबलं. मग कॉम्प्युटरवरचं पान ताजं केलं. इनबॉक्स गेला. पासवर्ड मागणारं कोरं पान आलं.

बाकावरून कोणीतरी "वा" म्हणालं.

मॅडम टोकनकडे वळल्या. "इथे पेशंटचे रिपोर्ट असतात. कोणाला काय झालंय, कोणाला दिवस गेलेत, कोणाची गाठ आहे. आणि तू दुसऱ्याचे मेल उघडतोस."

"मॅडम, चुकून..."

"चुकून तू उद्या कोणाचा रिपोर्टही उघडशील. आजच्या आज जा."

टोकनने एक्सरेवालीकडे बघितलं. ती काही बोलेल म्हणून. ती आपल्या फोनकडे बघत राहिली. त्याने खुर्चीवरचा टॉवेल काढला, ड्रॉवरमधला कंगवा घेतला, पाण्याची बाटली काखेत मारली. दारात थांबून म्हणाला, "एक्सरे, तुझ्या मशीनला विचार. ते तरी आरपार बघतं."

जाताजाता मॅडम म्हणाल्या, "पासवर्डही बदल गं. नुसतं साइन आउट करून काय होतं."

"हो मॅडम."

बदलला नाही. कारण पासवर्ड बदलला की आईच्या फोनवर पुन्हा नवा टाकावा लागला असता. मग आई म्हणाली असती, माझा फोन बिघडला, हे काय मागतोय, तुझा दादा असता तर. संध्याकाळी दमून आल्यावर ती कटकट कोणाला हवी होती? आणि परका होता तो गेलाच होता. उरले ते घरचे.

*

घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत आईची खाट, टीव्ही आणि खिडकी. आई दिवसभर त्या खिडकीत असायची, गुडघ्यामुळे. दादा कधीच बाहेर गेला होता. "बोलावून घेतो" म्हणाला होता. आई कोणी विचारलं की अजून तेच सांगायची, "बोलावतोय. बोलावणं काढतोय." आणि कोरडं हसायची. ते हसू ऐकून शेजारीण विषय बदलायची.

त्या संध्याकाळी एक्सरेवालीने आईला सगळं सांगितलं. महिनाभर पोटात ठेवलेला अर्जही सांगितला. आईने चपात्या लाटत ऐकलं. लाटणं जरा थांबलं.

"लांब आहे का गं ते?"

"रात्रीच्या गाडीने सकाळी पोचतं."

"हं."

"तुलाही नेणार आहे, आई. आधी जागा बघते, मग."

"हं. दादाही तेच म्हणाला होता."

एक्सरेवालीने तो घाव नेहमीप्रमाणे गिळला. आज ती जिंकून आली होती, तिला बोलायचं होतं. "तुला सांगते, कसा पकडला मी त्याला. त्या पानावर दिसतं, आपलं खातं कुठे कुठे उघडं आहे. अनोळखी दिसला की हाकलायचा. एक बटण, बस."

"मग आता कुठे कुठे उघडं आहे?"

"माझ्या फोनवर आणि तुझ्या. अनोळखी तेवढे हाकलले."

"आणि तो मेल तुला कसा सापडला? पुसला होता ना त्याने?"

"पुसलेलं लगेच जात नाही गं. बिनमध्ये जातं. कचऱ्याच्या डब्यात. तिथे महिनाभर पडून राहतं. तो डबाही रिकामा केला तर मात्र गेलं, कायमचं. त्या मूर्खाला तेवढं सुचलं नाही."

"बिन," आई म्हणाली. शब्द तोंडात घोळवून बघितल्यासारखा.

"तुला दाखवलंय की मी. जाहिरातीचे मेल पुसायला शिकवलं तेव्हा."

शिकवलं होतं. आईचा फोन सारखा जागा संपली म्हणून ओरडायचा. दोघींचं खातं एक, जागाही एक. मग एका रविवारी हिने आईला शेजारी बसवून शिकवलं होतं. हे बघ, जाहिरात आली की बोट असं सरकवायचं, गेली. आईला ते आवडलं होतं. खिडकीत बसून ती साड्यांच्या आणि विम्याच्या जाहिराती पुसायची, शेंगा सोलाव्यात तशी. आणि मुलगी कौतुकाने सगळ्यांना सांगायची की आमची आई आता साफसफाई करते, फोनमध्ये.

"तो पोरगा वाईट नव्हता," आई म्हणाली. "माझ्या गुडघ्याच्या एक्सरेला त्याने मला आधी आत सोडलं होतं. नंतरही फोन करायचा, तुला उशीर होणार असला की."

"आत एक, बाहेर एक. माणसं अशीच असतात."

"असतात खरी," आई म्हणाली. आणि चपाती तव्यावर टाकली.

*

एचआरच्या बाईने शब्द पाळला. फोन करून विचारलं तेव्हा हिने सांगितलं, सहकाऱ्याने केलं होतं, त्याला काढलं. मग बाई म्हणाली, नवा मेल येईल. या वेळी नुसती लिंक नाही, कॅलेंडरचं आमंत्रण असेल. त्याच्याखाली हो, कदाचित, नाही अशी बटणं असतात. हो दाबा. आम्हाला इकडे लगेच कळतं. उद्या दुपारपर्यंत हो आलं नाही तर पुढच्या मुलीला बोलवू.

दुसऱ्या दिवशी सेंटरला आग लागल्यासारखी गर्दी. शाळेच्या बसला कोणीतरी मागून ठोकलं होतं. मुलं रडत होती, पालक मुलांपेक्षा मोठ्याने रडत होते. रिसेप्शनवर अजून कोणी नव्हतं, टोकन एक्सरेवालीच वाटत होती. हात बघायचे, मनगटं बघायची, एप्रन चढव, उतरव.

एका पोराला टेबलावर झोपवताना फोन थरथरला. तिने वाकून बघितलं. हॉस्पिटलचं नाव. आमंत्रण. तिच्या जिवात जीव आला. पण पोराचा हात तिच्या हातात होता, आणि तो सोडला असता तर पोर बोंबललं असतं. "झालं हं राजा, हलू नकोस, श्वास धर," म्हणत तिने काम उरकलं. काचेमागे गेली, बटण दाबलं, परत आली, एप्रन काढला, फोन उचलला.

काही नव्हतं.

नोटिफिकेशन गायब. तिने इनबॉक्स उघडला. नव्हता. स्पॅममध्ये नव्हता. बिन उघडला. बिन रिकामा होता. जाहिरातसुद्धा नाही. झाडून पुसून घेतल्यासारखा.

 तिने ते पान उघडलं. तुमची डिव्हाइस.

दोन होती.

एक हे. आणि दुसरं.

 आपण चुकून तिसरं बघायचं विसरलो का, म्हणून खाली सरकवलं. खाली काही नव्हतं. नोटिफिकेशन आपोआप जात नाही. दुसऱ्या फोनवर तोच मेल पुसला तर इथूनही जातं. आणि दुसरा फोन एकच होता.

बाहेर कोणीतरी ओरडलं, "अहो, आमचा नंबर कधी?"

तिने एचआरला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिसऱ्यांदा लावल्यावर बाईने उचलला.

"मॅडम, तुमचं उत्तर आलं आमच्याकडे."

"काय आलं?"

"नाही असं आलं."

"ते मी नाही दाबलं! ऐका, माझ्या खात्यात..."

"मॅडम," बाई म्हणाली. तो गोड आवाज आता कपाटात ठेवला होता. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, सहकाऱ्याने केलं. तुम्ही त्याला काढलं, सगळं बंद केलं. मी स्वतः सरांना सांगून तुम्हाला दुसरी वेळ दिली. आता परत तेच. आमच्याकडे पेशंटची माहिती असते. ज्यांना स्वतःचं एक खातं सांभाळता येत नाही, त्यांच्या हातात ती कशी द्यायची?"

एक्सरेवालीला वाटलं हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय. मॅडमच्या तोंडून. टोकनसाठी.

"माझ्या आईने केलं हो," ती म्हणाली. पहिल्यांदाच मोठ्याने.

 मग बाई म्हणाली, "तर मग घरचं घरी मिटवा. पुढच्या मुलीला मी मेल टाकलाय." आणि ठेवला.

*

घरी आई खिडकीत होती. चहा झाकून ठेवला होता.

"आई, हॉस्पिटलचा मेल कुठाय?"

"कुठला?"

"आई."

आईने वळून बघितलं. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला असावा. किंवा गरज वाटली नसावी. "नाही दाबलं," ती म्हणाली.

"काय दाबलं नाहीस?"

"'नाही' दाबलं. तीन होती खाली. हो, कदाचित, नाही. मधलं आधी बघितलं मी. मग म्हटलं, कदाचितने काय होतंय."

 "तुला वाचता येतं."

"न यायला काय झालं? चौथीपर्यंत मी पहिली यायचे. तुम्ही कोणी विचारलंच नाही कधी. आईला फोन कळत नाही, आईला मेल कळत नाही. तुझ्या समोर बसून वाचायचे मी, तुला वाटायचं साड्या बघतेय."

"माझं आयुष्य होतं ते, आई!"

"आणि मी काय होते? सामान? आधी जागा बघते, मग आईला नेते. खाटेसकट नेणार होतीस की खाट इथेच टाकून?"

"मी तुला सोडून जाईन. आत्ता जाईन."

"जा की," आई म्हणाली. अगदी शांतपणे, भाजी निवडावी तशी. "कुठे जाणार? जागा तर गेली ना ती?"

मुलगी हसली. तिला स्वतःलाही कळलं नाही का. तिने चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतला. आईने ते बघितलं आणि म्हणाली, "साखर वाया गेली."

मग तिनेच विचारलं. "त्या पोराला सांगितलंस का?"

"कोणाला?"

"टोकनला. की त्याने काही केलं नव्हतं."

मुलगी कप विसळायला लागली.

"मॅडमना सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. येताना सबंध रस्ता तिने तोच विचार केला होता. मॅडमना सांगायचं तर अर्जाचं सांगावं लागलं असतं. बाकावरच्या लोकांसमोरचा तो तमाशा खोटा होता हे सांगावं लागलं असतं. आणि मॅडम उद्या म्हणाल्या असत्या, तूही जा. इकडची नोकरीही गेली असती. माणूस बुडताना आधी स्वतःचं डोकं वर काढतो. तिनेही तेच केलं होतं, आणि पाय कोणाच्या डोक्यावर दिला ते बघितलं नव्हतं.

"नाही ना? मग मी सांगते," आई म्हणाली. उशीखालून फोन काढला. "त्याचा नंबर आहे माझ्याकडे. बिचारा घरी बसला असेल."

"आई, ठेव तो."

"का? खरं आहे ते सांगायला काय झालं? सांगते, बाबा, पुसलं मी आणि काढलं तुला हिने."

"ठेव म्हणते ना!"

मुलीने फोन हिसकावला. आई खाटेवर मागे रेलली, गुडघा वाकडा झाला, ती कळवळली. मुलीने तिच्याकडे बघितलं नाही. सेटिंग, खाती, आपलं नाव. "खाते काढा." खाली इशारा आला, या खात्यातले मेल, संपर्क आणि बाकीचं या फोनवरून जाईल. तिने दाबलं. मग आपल्या फोनवर ते पान उघडलं, आईचं डिव्हाइस अजून दिसत होतं, तिथूनही साइन आउट केलं. आणि पासवर्ड बदलला. उभ्याउभ्या. परवाच करायला हवं होतं ते.

"घे," म्हणून तिने फोन खाटेवर टाकला.

आईने नावांची यादी उघडली. कोरी. तिने खालीवर सरकवलं, शेंगा सोलतात त्या बोटाने. "मावशी कुठे गेली? दादा? सगळे कुठे गेले?"

"माझ्या खात्यात होते. माझ्याकडे आहेत."

"मग दे."

"नाही देत."

"मावशीचा तरी दे. ती आजारी आहे."

"तू 'नाही' दाबलंस तेव्हा मी काय म्हटलं असतं, विचारलंस?"

आई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, मुलगी त्याचीच वाट बघत होती. आलं नाही. आईने चष्मा लावला आणि आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी उघडली. ती फोनमध्येच असते, खात्याबरोबर जात नाही. नावं मात्र गळून पडली होती. नुसते आकड्यांचे नंबर, एकाखाली एक.

आईने पहिला लावला. आवाज मोठा करून.

"हॅलो, कोण? कोण बोलतंय? ... इस्त्रीवाला? नाही रे, चुकून लागला."

दुसरा लावला. तो बंद होता. तिसरा शेजारणीचा निघाला, दोन भिंतींपलीकडून तिचा फोन वाजलेला ऐकूही आला. मुलगी मोरीपाशी उभी होती. पुढे होऊन फोन परत हिसकावता आला असता. पण खिडकी उघडी होती, शेजारीण आता कान देऊन असणार, आणि आईचा गुडघा अजून वाकडा होता.

आईने पुढचा लावला.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज. थकलेला. दोघींनीही ओळखला.

"टोकन का रे? मी, एक्सरेची आई."

"काकू? बोला ना. गुडघा काय म्हणतो?"

"आहे तसाच. तू जेवलास का?"

"नाही अजून. काम शोधत फिरतोय काकू. मॅडमनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, कोणी उभं करत नाही." मग म्हणाला, "तुम्हाला तरी पटतं का, मी असं करीन?"

आईने फोन कानापासून थोडा दूर धरला. मुलीकडे बघितलं. फोन पुढे केला, जसा नैवेद्य पुढे करावा. "ही बघ, इथेच आहे. देऊ का तिला?"

मुलीने मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. हात जोडले.

आईने ते हात नीट बघून घेतले. घाई केली नाही.

"अरे, आत्ता होती, आंघोळीला गेली वाटतं," ती फोनमध्ये म्हणाली. "तुला म्हणून सांगते, मला नाही वाटत तू असं केलंस. देवालाच माहीत कोणी केलं. येत जा रे अधूनमधून. हो, ती आहे की. कुठे जातेय ती? इथेच आहे आता."

फोन बंद झाला. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग फोन मुलीच्या हातात दिला.

"हा नंबर साठवून दे बाई. नाव घालून. मला ते येत नाही."

मुलीने फोन घेतला.  तिने नाव टाइप केलं. कुठे साठवायचं, असं फोनने विचारलं, खातं तर नव्हतंच. तिने "फोन" निवडलं.

"नीट कर हं," आई म्हणाली. "पुन्हा पुसला जायला नको."